सहा स्लाइडमध्ये आंबा कुठे हरवला?

पत्र: आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. दोन वर्षांपूर्वी पुतण्याने वेबसाइट करून दिली. ती उघडली की वर मोठ्या फोटोंच्या सहा स्लाइड फिरतात. पहिली ‘आपले स्वागत आहे’, ड्रोनने काढलेल्या बागेच्या फोटोवर. मग जीआय मानांकन, आगाऊ नोंदणीवरची सूट, जाऊबाईंची आंबापोळी आणि कोकम, दिरांनी बागेत बांधलेल्या दोन मुक्कामाच्या खोल्या, आणि शेवटी सासऱ्यांचा फोटो, ‘तीन पिढ्यांची परंपरा’. प्रत्येकीवर ‘अधिक जाणून घ्या’ असं बटण. साइटवर लोक येतात, पण आंब्याची ऑर्डर व्हॉट्सॲपवर ओळखीच्यांचीच येते. मागच्या महिन्यात दोघांनी फोन करून विचारलं, “तुमच्या रिसॉर्टला स्विमिंग पूल आहे का?” मुलगी म्हणते, स्लाइडर काढ, एक वाक्य आणि एक बटण ठेव. पण घरात कोणाची स्लाइड काढू? आणि ते एक वाक्य लिहायचं कसं?

उत्तर:

ताई, कोणाचीही एक स्लाइड काढू नका. सगळा स्लाइडर एकदम काढा आणि प्रत्येकाला साइटवर स्वतःची जागा द्या. एकाची काढली आणि दुसऱ्याची ठेवली की भांडण माणसांचं होतं. सगळ्या एकदम निघाल्या की प्रश्न फक्त पानाचा उरतो. घरच्यांना ते कसं सांगायचं, हे शेवटी लिहिते. आधी स्विमिंग पूलचं पाहू, कारण खरा बिघाड त्या दोन फोनमध्येच दिसतो.

तुमची स्लाइड साधारण पाच सेकंदांनी बदलते असं धरू. खोल्यांची स्लाइड पाचवी, म्हणजे पान उघडल्यावर वीस सेकंदांनी येणारी. फोनवर साइट उघडलेला माणूस वरच्या फोटोकडे बघत वीस सेकंद थांबत नाही, तो अंगठ्याने खाली सरकतो. ते दोघे खाली जाऊन परत वर आले असणार आणि त्या क्षणी नेमकी पाचवी स्लाइड चालू असणार. त्यांना दिसली खोली, झाडं आणि ‘अधिक जाणून घ्या’. त्यावरून त्यांनी रिसॉर्टचा अंदाज बांधला, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही. म्हणजे तुमचं दुकान कशाचं आहे, हे माणूस कोणत्या सेकंदाला डोळे वर करतो यावर ठरतंय. तीच गत सवलतीची. सूट तिसऱ्या स्लाइडवर, दहा सेकंदांनंतर येणारी. तोवर माणूस पुढे गेलेला असतो.

हे फक्त तुमच्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात वेबचं काम पाहणारे एरिक रनियन यांनी २०१३ मध्ये त्यांच्या मुखपृष्ठावरच्या फिरत्या स्लाइडचे आकडे जाहीर केले. पान पाहणाऱ्यांपैकी जेमतेम एक टक्का लोकांनी स्लाइडवर क्लिक केलं होतं, आणि त्यातलेही ८४ टक्के क्लिक पहिल्याच स्लाइडवर होते. त्याच वर्षी, लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी एका वापरकर्तीचा अनुभव लिहिला. सीमेन्सच्या ब्रिटनमधल्या साइटवर वॉशिंग मशीनवर काही सवलत आहे का, हे तिला शोधायचं होतं. सवलत सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, फिरत्या पट्टीवर होती, आणि तरी तिला ती सापडली नाही. हलणारं, रंगीत, मोठं काही दिसलं की लोक त्याला जाहिरात समजून नजरेआड करतात. त्यात सावकाश वाचणाऱ्याच्या हातून ते वाचून होण्याआधीच निघून जातं. तुमच्या गिऱ्हाइकांत साठी ओलांडलेले बरेच असतील. त्यांच्यासाठी हा मोठा अडथळा आहे.

आता वाक्य. ते टेबलाशी बसून सुचणार नाही, ते तुमच्या फोनमध्ये आधीच पडलेलं आहे. मागच्या हंगामातले व्हॉट्सॲपचे संदेश उघडा. ओळखीच्यांचे सोडून द्या, अनोळखी माणसांनी पाठवलेला फक्त पहिला संदेश वाचा. असे चाळीस-पन्नास संदेश वहीत उतरवा, त्यांच्याच शब्दांत. फळं विकणाऱ्यांसाठी हे काम मी करते तेव्हा भाव आणि ‘पुण्याला पाठवता का’ हे प्रश्न सोडले, तर तीन शंका पुन्हापुन्हा येतात. खरंच देवगडचा आहे ना? पिकवलाय कसा? आणि खराब निघाला तर काय? तुमच्या वहीत यातली कोणती जास्त वेळा आली ते मोजा. जी सगळ्यात जास्त आली, तिचं उत्तर हेच तुमचं वचन. तुम्हाला स्वतःच्या बागेचं ज्याचं कौतुक आहे ते इथे उपयोगाचं नाही. गिऱ्हाईक ज्या भीतीने बटण दाबत नाही, ती भीती त्या वाक्याने काढायला हवी.

समजा ‘खराब निघाला तर’ हीच शंका पुढे आली. हापूसच्या बाबतीत ती अगदी रास्त आहे, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. साका बाहेरून दिसत नाही. फळ सुंदर, वास सुंदर, आणि कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा गर. गिऱ्हाइकाने एका पेटीत अशी चार फळं पाहिलेली असतात, आणि तेव्हा विकणाऱ्याने फोन उचललेला नसतो. आता वाक्य कसं घडतं ते पाहा.

पहिला मसुदा बहुतेक सगळे असा लिहितात: ‘निसर्गाच्या कुशीतला, अस्सल चवीचा हापूस.’ यावर एक साधी परीक्षा करा. तुमच्या बागेचं नाव खोडून शेजारच्या बागेचं नाव लिहा. वाक्य तसंच चालतंय ना? मग ते कोणाचंच नाही. खोडून टाका.

दुसरा मसुदा: ‘१०० टक्के कार्बाइडमुक्त हापूस थेट तुमच्या दारी.’ हा बरा, कारण यात निदान एका शंकेचं नाव घेतलंय. पण कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे कायद्यानेच बंदी आहे. बंदी असलेली गोष्ट आम्ही करत नाही, हे काही वचन होत नाही, आणि ‘मुक्त’ हा शब्द आता प्रत्येक गाडीवर रंगवलेला असतो. त्यापेक्षा तुम्ही काय करता ते सांगा. झाडावर तयार झालेलं फळ काढता, पेंढ्यात भरता, ते गिऱ्हाइकाच्या घरी पिकतं. एवढं सांगितलं की कार्बाइडचं नाव न घेता ती शंका मिटते.

तिसरा मसुदा: ‘आमच्याच बागेतला देवगड हापूस. जे फळ खराब निघेल, त्याचे पैसे परत.’ हे शेजाऱ्याला सहज लावता येणार नाही, कारण तसं लिहिलं तर त्याला ते पाळावं लागेल. तुम्हालाही लागेल. म्हणून हे वाक्य पानावर चढवण्याआधी वहीत त्याचा हिशेब करा. समजा मागच्या हंगामात २०० डझन आंबा अनोळखी गिऱ्हाइकांना गेला, म्हणजे २,४०० फळं. त्यांतल्या ९० फळांची तक्रार आली असेल, तर ते पावणेचार टक्के झाले. शंभर फळांमागे चार फळांचे पैसे परत द्यायची तयारी ठेवून भाव बसतो का? बसत असेल तर वाक्य लिहा. बसत नसेल तर भाव थोडा वाढवा, नाहीतर दुसरं वचन निवडा. अट घालायचीच असेल तर एकच आणि सोपी घाला, जशी ‘कापलेल्या फळाचा फोटो पाठवा’. पाच अटी लिहिल्या की वाचणाऱ्याला त्या अटीच दिसतात, वचन दिसत नाही.

मोठ्या अक्षरांत एवढंच. त्याखाली लहान अक्षरांत दोन वाक्यं: ‘झाडावर तयार झालेलं फळ काढून पेंढ्यात भरतो. पुण्या-मुंबईत तीन दिवसांत पोचतं, घरी चार-पाच दिवसांत पिकतं.’ यातले दिवस मी नमुन्यादाखल लिहिलेत. तुम्ही तुमचे टाका, आणि टाकताना सगळ्यात लवकर पोचलेली पेटी आठवू नका, सगळ्यात उशिरा पोचलेली आठवा. तीन लिहून पाचव्या दिवशी पोचली तर वरचं पैसे परतीचं वाक्यही खोटं वाटू लागतं.

आता बटण. ‘अधिक जाणून घ्या’ हे बटण काढाच. ते दाबल्यावर काय होईल हे ते सांगत नाही, आणि तुमच्याकडे तर ते सहा वेगवेगळ्या ठिकाणी नेतं. तुमची ऑर्डर खरोखर व्हॉट्सॲपवरच ठरते ना? मग कार्ट, लॉगिन, पेमेंट गेटवे यांच्या मागे आत्ता लागू नका. बटणावर ‘पेटी बुक करा’ लिहा आणि ते सरळ व्हॉट्सॲपवर न्या, संदेश आधीच टंकलेला ठेवून. दुवा असा होतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=पेटी%20बुक%20करायची%20आहे.%20डझन:%20%20पिनकोड:%20
```

X च्या जागी तुमचा नंबर, अधे काही न ठेवता. `%20` म्हणजे मोकळी जागा. गिऱ्हाइकाने बटण दाबलं की हा मजकूर त्याच्या व्हॉट्सॲपमध्ये तयार येतो. त्याने फक्त किती डझन आणि पिनकोड भरायचा. रिकाम्या चौकटीसमोर ‘काय लिहू’ असा विचार करणारा माणूस बऱ्याचदा काहीच लिहीत नाही. शिवाय साइटवरून आलेला संदेश कोणता हे तुम्हाला पहिल्या ओळीवरूनच कळतं, म्हणजे मोजायचीही सोय झाली.

बटणाच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ ठेवा: ‘आत्ता पैसे भरायचे नाहीत. तारीख ठरल्यावर भरायचे.’ तुम्ही असंच करत असाल तरच हं. ‘बुक करा’ म्हटलं की लगेच कार्डाचे आकडे मागतील ही भीती असते, ती या ओळीने जाते. आणि वरच्या भागात दुसरं काही दाबण्यासारखं ठेवू नका. इन्स्टाग्रामचं चिन्ह, फेसबुकचं, कोपऱ्यात उड्या मारणारं चॅटचं गोल बटण, सगळं खाली पानाच्या तळाशी. फोन नंबर मात्र साध्या अक्षरांत वर कोपऱ्यात राहू द्या. टाइप करायला कंटाळणारे, बोलूनच आंबा घेणारे लोक आहेत आणि त्यांना आपण अडवायचं नाही.

फोटोबद्दल माझं मत जरा ठाम आहे. ड्रोनचा फोटो इथे नको. वरून सगळ्या बागा सारख्याच दिसतात, आणि गिऱ्हाइकाला बाग विकत घ्यायची नाही. त्याला जे घरी मिळणार ते दाखवा. उघडलेली पेटी, पेंढा, त्यात मांडलेली फळं आणि एखादं फळ उचललेला हात, म्हणजे आकार कळतो. सकाळच्या उजेडात पडवीत काढलेला फोनवरचा फोटो चालेल. त्यावर अक्षरं कोरू नका. तुमच्या सध्याच्या स्लाइडवरचा मजकूर बहुधा फोटोतच रंगवलेला असेल. तो फोनवर मुंगीएवढा होतो, गूगलला नीट वाचता येत नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्या फोनचा आवाज तो वाचून दाखवू शकत नाही. मजकूर वेगळा लिहायचा, फोटो वेगळा लावायचा.

पुतण्याला दोन गोष्टी सांगा. एक, स्लाइडरमधल्या पाच स्लाइड लपवून एक ठेवायची नाही. तसं केलं तर डोळ्याला एकच फोटो दिसतो, पण स्लाइडरचं सगळं ओझं मागे उतरतच राहतं, आणि ते उतरेपर्यंत तुमचा फोटो येत नाही. बॅकअप घ्यायचा, स्लाइडरचं प्लगइन बंद करायचं आणि साधा फोटो लावायचा. दोन, वरच्या फोटोला ‘लेझी लोडिंग’ लावायचं नाही. ते खालच्या फोटोंसाठी असतं, माणूस सरकत तिथवर आला की मगच फोटो उतरवायला. वरच्याला लावलं की सगळ्यात आधी हवा तोच फोटो उशिरा येतो. तो असा लिहावा:

```html
<img src="peti.webp" width="1200" height="800"
     fetchpriority="high"
     alt="पेंढ्यात मांडलेल्या हापूसची उघडी पेटी">
```

रुंदी-उंची आधी सांगितल्याने फोटो येताना खालचं बटण उडी मारत नाही. झाल्यावर पान गूगलच्या PageSpeed Insights या साइटमध्ये घालून मोबाइलचा निकाल बघायचा. तिथे LCP नावाचा आकडा असतो, म्हणजे वरचा मोठा भाग दिसायला लागलेला वेळ. गूगल अडीच सेकंदांपर्यंत तो चांगला मानतं. बदलाच्या आधीचा आकडाही लिहून ठेवा, म्हणजे फरक कळेल. आणि घरातला सगळ्यात लहान, जुना फोन घेऊन बघा. वाक्य, दोन ओळी आणि बटण एवढं न सरकवता दिसायला हवं. बटण खाली गेलं असेल तर फोटोची उंची कमी करा, अक्षरांची नको.

बाकीच्या पाच जणांचं काय, ते आता. सूट वेगळी नको, ती बटणाच्या जवळच्या बारीक ओळीत जाईल: ‘अमुक तारखेपर्यंत नोंदवल्यास इतके रुपये कमी.’ जीआयचं मानांकन बटणाखाली एका ओळीत. हापूसला ते २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांसाठी मिळालं, म्हणजे नुसतं ‘जीआय’ म्हणून तुमची बाग वेगळी ठरत नाही. मात्र अधिकृत वापरकर्ते म्हणून तुमची नोंदणी झालेली असेल तर तो नोंदणी क्रमांक लिहा. त्याने ‘खरंच देवगडचा ना’ या शंकेला उत्तर मिळतं. सासऱ्यांचा फोटो त्याच्याच खाली, दुसऱ्या भागात, आणि ‘परंपरा’ या शब्दाऐवजी त्यांचंच काहीतरी घेऊन. फळ काढायला तयार झालं हे ते कशावरून ओळखतात, हे त्यांना विचारा आणि त्यांच्या शब्दांत तीन वाक्यं लिहा. आजवर पाच सेकंद झळकणारा त्यांचा फोटो तिथे स्थिर राहील, आणि लोक त्यांचे शब्द वाचतील.

जाऊबाईंची आंबापोळी आणि कोकम पेटी बुक करणाऱ्याला व्हॉट्सॲपवरच विचारायचं: “पेटीसोबत आंबापोळी टाकू का?” तिचं वेगळं पान राहू द्या, मेनूत नाव राहू द्या. दिरांच्या खोल्यांना मात्र साइटच वेगळी हवी, निदान वेगळं पान आणि गूगल मॅप्सवर वेगळी नोंद. मुक्कामाला येणारा माणूस नकाशावर शोधतो, आंब्याच्या दुकानात नाही. त्या नोंदीत ‘दोन खोल्या, जेवण घरचं, पूल नाही’ असं स्पष्ट लिहिलं की ते फोनही थांबतील.

घरात सांगताना हे सगळं कागदावर काढून न्या. सहा चौकोन, आणि प्रत्येकातून एक बाण त्याच्या नव्या जागेकडे. ‘काढतेय’ म्हणू नका, ‘हलवतेय’ म्हणा, कारण तेच खरं आहे. बहुतेक घरांत, आणि कंपन्यांतसुद्धा, स्लाइडर येतो तो गिऱ्हाइकासाठी नाही. पहिली जागा कोणाला हे ठरवायचं टाळण्यासाठी येतो. तुमच्याकडे ते ठरवायला एक आधार आहे: बागेचा पैसा कशावर येतो? हापूसवर. तो विकला तर बाकी सगळ्यांना गिऱ्हाईक मिळतं.

आणखी एक गोष्ट घरच्यांना पटेल. वरची जागा कायमची हापूसच्या पेटीची नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे पेटी राखून ठेवायचं वचन असेल आणि बटण ‘पेटी राखून ठेवा’. मार्चअखेरीपासून मेपर्यंत वर लिहिलेलं वाक्य. पाऊस सुरू झाला, आंबा संपला, की जूनमध्ये ती जागा पूर्णपणे जाऊबाईंची: आंबापोळी, तिचं एक वाक्य, तिचं एक बटण. मे संपल्यावरही ‘पेटी बुक करा’ तसंच राहिलं तर येणाऱ्याला साइट बेवारस वाटते, म्हणून बदलाच्या तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहा.

बदल लागल्यावर तो चालतोय का हे बघायला आकड्यांच्या मागे फार जाऊ नका. दोन रूपं अर्ध्या-अर्ध्या लोकांना दाखवून तुलना करायला हजारो लोक लागतात, आणि एप्रिलमध्ये ऑर्डर वाढतातच, पान कसंही असो. त्या वाढीचं श्रेय वाक्याला देऊ नका. तुमचा व्यवसाय ठाऊक नसलेल्या पाच जणांना फोन दाखवा, मनात पाच आकडे मोजा आणि काढून घ्या. मग विचारा: इथे काय मिळतं? खराब निघालं तर काय? घ्यायचं असेल तर काय कराल? पाचातल्या चौघांनी तिन्ही सांगितलं तर पान लावा. दोघांनी ‘बुक करा’ म्हणजे खोली समजली, तर बटणावर ‘आंब्याची पेटी बुक करा’ करा आणि दुसऱ्या पाच जणांना दाखवा.

हंगामात दर रविवारी तीन आकडे वहीत लिहा: साइटवर किती जण आले, त्या तयार मजकुराने सुरू झालेले किती संदेश आले, आणि त्यातल्या किती पेट्या गेल्या. लोक येतात पण संदेश येत नसतील, तर वाक्य किंवा बटण चुकतंय. संदेश येतात पण पेट्या जात नसतील, तर पानाला हात लावू नका. तिथे भाव, तारीख किंवा तुमचं उत्तर उशिरा जाणं यांपैकी काहीतरी आड येतंय, आणि ते त्या संभाषणातच वाचायला मिळेल.